व्याजदर वाढतील असं वाटतंय, मग गृहकर्ज फिक्स्ड घ्यावं का?

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, फोंड्याला किंवा मडगावला फ्लॅट बघून ठेवलेला, बँकेने कर्ज मंजूर करायची तयारी दाखवलेली. इथवर सगळं जमून येतं आणि मग फाईल एका प्रश्नावर अडते. व्याज फिक्स्ड घ्यायचं की फ्लोटिंग? घरात कोणीतरी सांगतं की दर आता खाली आलेत, यापुढे वाढणारच, फिक्स्ड करून टाक. ऑफिसमधला कोणी सांगतो की फिक्स्ड कधी घेऊ नये. दोघेही ठामपणे बोलतात आणि दोघांच्याही हातात आकडेमोड नसते.

दर वाढणार की कमी होणार, हे ओळखता आलं म्हणजे प्रश्न सुटला असं आपल्याला वाटतं. पण दर वाढणार हे अगदी खात्रीने ठाऊक असलं तरी फिक्स्ड फायद्याचं ठरेलच असं नाही. ते किती वाढतात, कधी वाढतात, किती काळ वर राहतात आणि आज फिक्स्डसाठी जादा किती मोजावं लागतं, या चार गोष्टींवर उत्तर ठरतं. चौथी गोष्ट आपल्याला आजच माहीत असते, आणि नेमकं तिच्याकडेच बघायचं राहून जातं.

आधी फ्लोटिंग म्हणजे काय ते बघू. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग गृहकर्ज बाहेरच्या एखाद्या दराशी जोडावंच लागतं. बहुतेक बँकांनी त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर घेतला. रेपो म्हणजे बँका रिझर्व्ह बँकेकडून थोड्या मुदतीसाठी पैसे उचलतात तो दर. त्यावर बँक स्वतःचा वाढावा चढवते, त्याला स्प्रेड म्हणतात. रेपो ५.२५ आणि स्प्रेड २.५० असेल तर तुमचा दर ७.७५ टक्के. रेपो हलला की निदान तीन महिन्यांतून एकदा तुमचा दर त्याप्रमाणे बदलावा लागतो. हा नियम बँकांना आहे. गृहवित्त कंपन्यांचा फ्लोटिंग दर त्यांच्या स्वतःच्या मूळ दराशी जोडलेला असतो आणि तो कधी, किती हलवायचा हे त्या ठरवतात. त्यामुळे कर्ज बँकेचं आहे की गृहवित्त कंपनीचं, हे आधी विचारून घ्या. दोघांचे फलक सारखेच दिसतात.

रेपो किती हलतो याचा अंदाज मागच्या काही वर्षांवरून येतो. मे २०२० पासून जवळजवळ दोन वर्षं तो ४ टक्क्यांवर होता. ४ मे २०२२ रोजी, ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन, तो अचानक ४.४० केला गेला आणि पुढच्या नऊ महिन्यांत, फेब्रुवारी २०२३ पर्यंत, ६.५० वर पोचला. अडीच टक्क्यांची ही चढण चढून तो बरोबर दोन वर्षं तिथेच थांबला. फेब्रुवारी २०२५ पासून उतरू लागला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ वर आला. चढण नऊ महिन्यांत अडीच टक्क्यांची, उतरण सव्वा टक्क्याची, म्हणजे निम्मीच, आणि तीही दोन वर्षं थांबून. हा नकाशा लक्षात ठेवा, पुढच्या हिशेबात तो लागेल.

या चढणीत पगारदार माणसाचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. एप्रिल २०२२ मध्ये कोणी ४० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी ६.७५ टक्क्यांनी घेतलं असं धरू. हप्ता ३०,४१४ रुपये. दर चढत गेला तसा बँकेने हप्ता न वाढवता मुदत वाढवली. बँका सहसा असंच करतात, कारण हप्ता तोच राहिला की कोणी तक्रार करत नाही. फेब्रुवारी २०२३ नंतर त्याचा दर ९.२५ झाला तेव्हा मुद्दल जेमतेम साडेएकोणचाळीस लाखांपर्यंत उतरलं होतं. त्यावर महिन्याचं व्याज ३०,४४८ रुपये. म्हणजे पूर्ण हप्ता भरूनही कर्ज महिन्याला तीसेक रुपयांनी वाढणार. अशा हप्त्याने ते कर्ज कधीच फिटणार नाही. अशा वेळी बँक जागी होते आणि एक दिवस हप्ता एकदम वाढवल्याचा मेसेज येतो. ज्याने मधल्या काळात खात्याचा उतारा उघडून पाहिला नाही, त्याला हा धक्काच वाटतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने याच दुखण्यावर नियम काढला. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, हे निवडायची संधी कर्जदाराला द्यायची. हप्त्यातून त्या महिन्याचं व्याजसुद्धा फिटत नाही इतकी मुदत ताणायची नाही. आणि दर तीन महिन्यांनी एक विवरण द्यायचं, ज्यात आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर दिसेल. फ्लोटिंगच्या नावाने जी ओरड होते तिच्यातला बराच भाग दराचा नसून असा न विचारता ताणलेल्या मुदतीचा आहे, असं माझं मत आहे.

आता फिक्स्डकडे वळू. फिक्स्ड दर रेपोला काही चढवून ठरत नाही. बँकेला इतक्या लांब मुदतीसाठी पैसा काय भावाने पडेल, पुढे दर कुठे जातील असं बाजाराला वाटतं आणि तो अंदाज चुकला तर बँकेने किती तोटा सोसायचा, हे सगळं त्यात मोजलेलं असतं. पावसाळ्याआधी आपण पुरुमेंत भरतो तेव्हा सुक्या बांगड्याचा भाव विकणारीने पावसाचा हिशेब धरूनच सांगितलेला असतो, तसंच हे. दर वाढणार हे तुम्हाला पेपर वाचून कळलं असेल तर बँकेच्या ट्रेझरीला ते त्याआधी कळलेलं असतं आणि फिक्स्डच्या दरात ते उतरलेलंही असतं. म्हणून ‘दर वाढणार आहेत’ एवढ्याच कारणासाठी फिक्स्ड घेणं म्हणजे सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीसाठी वेगळे पैसे मोजणं. सगळ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त वाढ झाली तरच फिक्स्डवाल्याचं फावतं.

आपल्याकडे फिक्स्ड म्हणून जे मिळतं त्याचे प्रकारही आहेत. सबंध २० वर्षं एकच दर देणारं कर्ज फार थोड्या ठिकाणी मिळतं. बहुतेक वेळा दोन, तीन किंवा पाच वर्षं दर ठरलेला आणि पुढे फ्लोटिंग, असं मिश्र कर्ज असतं. काही करारांत फिक्स्ड शब्दाच्या जोडीला बारीक अक्षरांत असंही लिहिलेलं असतं की बाजारात मोठे बदल झाले तर हा दर फेरतपासायचा अधिकार बँकेला राहील. असं कलम असेल तर तुम्ही जादा पैसे कशाचे भरताय, हा प्रश्न स्वतःला विचारा. ज्या दिवशी फिक्स्डची गरज पडेल, नेमका त्याच दिवशी तो उरणार नाही.

फ्लॅट अजून बांधून व्हायचा असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. पर्वरी, म्हापसा, फोंडा भागात असे प्रकल्प पुष्कळ. बँक पैसे टप्प्याटप्प्याने बिल्डरला देते आणि तोवर तुम्ही दिलेल्या रकमेवरचं नुसतं व्याज भरता. तीन वर्षांच्या फिक्स्डचं घड्याळ पहिला टप्पा दिला त्या दिवसापासून चालू होत असेल आणि इमारतीला दोन वर्षं लागली, तर पूर्ण कर्जावर फिक्स्डचं संरक्षण तुम्हाला एकच वर्ष मिळतं. आधीची दोन वर्षं थोड्याशा रकमेवर चढा दर भरण्यात जातात. हे मंजुरीपत्र हातात यायच्या आधी तोंडी आणि मग लेखी विचारून घ्यावं.

आता मूळ हिशेब. कर्ज ४० लाख, मुदत २० वर्षं. फ्लोटिंग ७.७५ टक्के, पूर्ण मुदतीचं फिक्स्ड ९.२५ टक्के. हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या बँकेचे वेगळे असतील, पण दोघांत एक-दीड टक्क्याचं किंवा त्याहूनही जास्त अंतर असणं नेहमीचं. फ्लोटिंगचा हप्ता ३२,८३८ रुपये आणि फिक्स्डचा ३६,६३५. महिन्याला ३,७९७ रुपयांचा फरक.

इथे तुलना करताना एक चूक सर्रास होते. फ्लोटिंगवाला कमी हप्ता भरतो, फिक्स्डवाला जास्त, आणि मग वीस वर्षांनी कोणी एकूण किती भरलं ते बघतात. ही तुलना बरोबरीची होत नाही, कारण दोघांच्या खिशातून वेगवेगळे पैसे जाताहेत. म्हणून दोघेही महिन्याला ३६,६३५ रुपयेच भरतात असं धरू. फ्लोटिंगवाला ठरलेल्या हप्त्यावरचे ३,७९७ रुपये मुद्दलात जादा भरतो. मग दर बदलले की कोणाचं कर्ज किती उरतं ते पाहू.

पहिली दोन वर्षं दर हललाच नाही असं समजा. दोन वर्षांनी फिक्स्डवाल्याचं ३८ लाख ४८ हजार बाकी असतं आणि फ्लोटिंगवाल्याचं ३७ लाख २१ हजार. फ्लोटिंगवाला १ लाख २७ हजारांनी पुढे.

आता दर २०२२ सारखाच अडीच टक्क्यांनी चढवू. हिशेब सोपा राहावा म्हणून एका दमात चढवू. फ्लोटिंगचा दर १०.२५ झाला, म्हणजे फिक्स्डपेक्षा एक टक्का जास्त. फिक्स्डवाला खुशीत. पण पुढची दोन वर्षं दर तिथेच राहिला तरी चौथ्या वर्षाच्या अखेरीस फ्लोटिंगवाल्याचं ३५ लाख ९२ हजार उरतं आणि फिक्स्डवाल्याचं ३६ लाख ६५ हजार. फ्लोटिंगवाला अजून ७३ हजारांनी पुढेच आहे. दर आणखी दोन वर्षं १०.२५ वरच टिकला तरी सहा वर्षांच्या शेवटी तो दहा हजारांनी पुढे असतो. आघाडी संपते ती त्यानंतर काही महिन्यांनी.

पहिल्या दोन वर्षांतला दीड टक्का सर्वांत मोठ्या मुद्दलावर वाचला आणि वाचलेलं लगेच मुद्दलात गेलं, म्हणून असं होतं. पुढच्या वाढीचा एक टक्का कमी झालेल्या मुद्दलावर लागतो आणि आधीची बचत खायला त्याला चार वर्षांहून जास्त लागतात.

चौथ्या वर्षानंतर दर नकाशाप्रमाणे सव्वा टक्क्याने उतरून ९ टक्क्यांवर आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला असं धरलं, तर फ्लोटिंगवाल्याचं कर्ज २२६ महिन्यांत फिटतं. फिक्स्डवाल्याचं २४० महिन्यांत. दर अडीच टक्क्यांनी चढून निम्मेच उतरले, तरी फ्लोटिंगवाला चौदा महिने आधी मोकळा होतो. दर मुळीच हलले नाहीत, तर त्याचं कर्ज १५ वर्षं १० महिन्यांतच संपतं.

फिक्स्ड जिंकतं अशीही परिस्थिती आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तिसऱ्या वर्षी १०.२५ झालेला दर कधीच खाली आला नाही, तर त्याच हप्त्याने फ्लोटिंगवाल्याला २६२ महिने लागतात. फिक्स्डवाल्यापेक्षा बावीस महिने जास्त, म्हणजे सुमारे आठ लाखांचा तोटा. आणि चढण दोन वर्षं न थांबता कर्ज घेतल्याबरोबर सुरू झाली, तर फ्लोटिंगवाल्याला आघाडी मिळायला वेळच मिळत नाही. एप्रिल २०२२ मध्ये कर्ज घेणाऱ्याचं हेच झालं. रेपो ४ टक्क्यांसारख्या तळाला असताना कोणी अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या फरकाने पाच वर्षांचं फिक्स्ड देऊ केलं असतं, तर मी ते घ्या म्हटलं असतं. पण ५.२५ हा तसा तळ नाही, आणि दीड टक्का हे तसं अंतर नाही.

तेव्हा ‘दर वाढणार का’ यापेक्षा स्वतःला असं विचारा: दर माझ्या फिक्स्डच्या वर जाईल का, लवकर जाईल का, आणि तिथे किती वर्षं राहील? आमच्या उदाहरणात तो नुसता बरोबरीला यायला दीड टक्का चढावा लागतो. रेपोच्या भाषेत ५.२५ वरून ६.७५, म्हणजे २०२३ च्या शिखराच्याही वर. तुमच्या दोन दरांतला फरक काढा, आजच्या रेपोत मिळवा आणि तो आकडा तुम्हाला खरोखर दिसतो आहे का ते बघा. कागदाच्या कपट्यावर होणारं गणित आहे.

या हिशेबात न आलेली एक बाजू फ्लोटिंगकडे आणखी झुकते. व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरण्याचा दंड बँक किंवा गृहवित्त कंपनी लावू शकत नाही. बँकांसाठी हा नियम २०१२ पासून आहे. फिक्स्डवर मात्र करारात असेल तर दंड लागू शकतो. तो २ टक्के असेल आणि चार वर्षांनी दर कोसळले म्हणून तुम्ही बाहेर पडायचं ठरवलं, तर ३६ लाख ६५ हजारांवर ७३ हजार रुपये द्यावे लागतात. शिवाय नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा टायटल रिपोर्ट, एक-चौदाच्या उताऱ्यापासून सगळी कागदपत्रं पुन्हा. गोव्यात नागरी कायद्यामुळे पती-पत्नीची मालमत्ता बहुधा सामाईक असते, म्हणून घर गहाण ठेवताना दोघांच्याही सह्या लागतात. एकजण आखातात किंवा बोटीवर असेल तर बँक बदलायचं साधं काम महिनोन्महिने रेंगाळतं. फ्लोटिंगवाल्याला दर वाढल्यावर पळायला वाट असते, फिक्स्डवाल्याला दर उतरल्यावर ती वाट पैसे भरून उघडावी लागते.

पगारदार माणसाकडे बोनस येतो, थकबाकी येते, कधी वडिलोपार्जित भाटाचा वाटा विकला जातो. असा पैसा पुढच्या पाच-सात वर्षांत येणार असं दिसत असेल तर फ्लोटिंग घ्या, एवढं मी कोणालाही सांगेन.

पण वरचं सगळं गणित एका अटीवर उभं आहे: फ्लोटिंगवाला जादा रक्कम खरोखर भरतो. ते ३,७९७ रुपये चवथीच्या खर्चात किंवा नव्या स्कूटरच्या हप्त्यात गेले तर आघाडी मिळतच नाही. साधा ३२,८३८ चा हप्ता भरणाऱ्याचं दोन वर्षांनी ३८ लाख १९ हजार उरलेलं असतं. तेव्हा दर १०.२५ झाला आणि मुदत तीच ठेवायची म्हटली तर हप्ता ३८,८०० च्या आसपास जातो. महिन्याला सहा हजार जास्त. फ्लोटिंग घ्यायची ताकद आहे की नाही, याची खरी परीक्षा हा आकडा आहे. हातात ८० हजार पगार येत असेल आणि दोघे कमावते असतील तर ओढाताण होईल, पण चालेल. एकट्याचा ६० हजार पगार असेल आणि आधीच गाडीचं कर्ज चालू असेल, तर फिक्स्ड-फ्लोटिंगचा वाद बाजूला ठेवून आधी कर्जाची रक्कम कमी करा. हप्ता इतका काठावर असेल की सहा हजारांनी घर कोलमडेल, तर तुमच्यासाठी पाच वर्षांचं फिक्स्ड महाग पडलं तरी समंजसपणाचं आहे. ते तोट्याचं ठरू शकतं हे जाणून घ्यावं. झोप लागण्याची किंमत म्हणून ती देणं चूक नाही. २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा साखळी-डिचोलीकडच्या कित्येक घरांचे पगारच थांबले. अशा दिवसांत मात्र फिक्स्ड असो की फ्लोटिंग, उपयोगी पडतात ते बाजूला ठेवलेले सहा महिन्यांचे हप्ते.

जादा रक्कम भरायची कशी, यातही एक खुबी आहे. बँकेत कोणी सुचवेल की मग मुदत सोळा वर्षांची घ्या, हप्ता आपोआप तेवढा होईल. तसं करू नका. कागदावर वीस वर्षं आणि कमी हप्ताच ठेवा, आणि वरचे पैसे आपणहून भरा. सोळा वर्षं लिहून दिली की मोठा हप्ता बंधनकारक होतो. आजारपण आलं, बदली झाली की तो कमी करता येत नाही. आपणहून भरत असाल तर एखाद्या महिन्यात थांबता येतं. बँकेच्या अ‍ॅपवरून दर महिन्याला भरता येत नसेल, कमीत कमी रकमेची अट असेल, तर आवर्ती ठेवीत साठवून वर्षातून एकदा भरा. फायदा किंचित कमी होईल इतकंच. भरताना ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा’ असं लिहून द्या. नाहीतर काही ठिकाणी सिस्टिम हप्ता कमी करून टाकते, आणि वाचलेलं पुन्हा खर्चात जातं.

सही करण्याआधी एक कागद मागून घ्या, त्याचं नाव की फॅक्ट स्टेटमेंट. ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जाला तो द्यावाच लागतो. दर फिक्स्ड, फ्लोटिंग की मिश्र, ते त्यात लिहिलेलं असतं. फ्लोटिंग असेल तर कोणत्या दराशी जोडलं आहे, आजचा तो दर, स्प्रेड आणि किती महिन्यांनी बदलणार, हेही असतं. त्यातली मला सर्वांत कामाची वाटते ती ओळ म्हणजे पाव टक्क्याने दर बदलला तर हप्ता किती रुपयांनी आणि हप्त्यांची संख्या कितीने बदलेल. अडीच टक्क्यांची चढण म्हणजे असे दहा पाव टक्के. हप्त्याच्या आकड्याला दहाने गुणलं की वर काढलेल्या परीक्षेचा ढोबळ अंदाज बसल्या जागी मिळतो. मुदतीच्या आकड्याला मात्र असं गुणू नका, मुदत सरळ रेषेत वाढत नाही. या कागदावरच्या अटी मान्य करायला तुम्हाला निदान तीन कामाचे दिवस मिळायला हवेत. ‘आजच सही करा, उद्या दर बदलेल’ असं कोणी म्हणालं तर त्याला या तीन दिवसांची आठवण करून द्या.

मिश्र कर्ज घेत असाल तर त्याच कागदावर फिक्स्डचा काळ संपल्यावर कोणता स्प्रेड लागणार ते बघा. इथेच खरी मेख असते. पहिली तीन वर्षं आकर्षक दर आणि पुढे रेपोवर साडेतीन टक्के, असंही निघू शकतं. सतरा वर्षं तुम्ही त्या दुसऱ्या आकड्यावर जगणार आहात.

फ्लोटिंग घेतल्यावरही स्प्रेडवर नजर ठेवायला हवी. रेपोमुळे दर हलतो तो सगळ्यांचा सारखाच, पण स्प्रेड ज्याचा त्याचा. नवीन गिऱ्हाईक ओढायला बँका स्प्रेड कमी करतात आणि जुन्याला जुन्याच स्प्रेडवर ठेवतात. त्यामुळे एकाच इमारतीत, एकाच बँकेचं कर्ज असून खालच्या मजल्यावरच्याला ७.७५ आणि वरच्याला ८.२५ असं दिसतं. करार चालू असताना बँक तुमचा स्प्रेड मनाला येईल तसा वाढवू शकत नाही. पतजोखमीचा भाग तुमची पत बरीच बदलली तरच हलतो, आणि बाकीचा भाग तीन वर्षांतून एकदाच. मात्र तुमच्या फायद्यासाठी तो तीन वर्षांच्या आधीही कमी करायला ऑक्टोबर २०२५ पासून मोकळीक आहे. फक्त बँक आपणहून तसं करत नाही, अर्ज द्यावा लागतो. शाखेत जाताना नव्या कर्जदाराला आज काय दर देताहेत त्याचं पान आणि दुसऱ्या बँकेचं कर्ज हस्तांतराचं पत्र, दोन्ही बरोबर न्या. थोडंसं बदल-शुल्क घेऊन बहुतेक जण दर खाली आणतात.

त्याच सुमारास आणखी एक बदल झाला, जो ‘आत्ता फ्लोटिंग घेऊ, दर चढायला लागले की फिक्स्डला उडी मारू’ असा बेत करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावा. २०२३ च्या नियमात दर बदलताना फिक्स्डकडे जायचा पर्याय देणं अपेक्षित होतं. आता तो देणं न देणं बँकेच्या मर्जीवर आहे. बरं, तो दिला तरी तुमच्यापुढे येणारा फिक्स्ड दर त्या दिवशीचा असेल, आजचा नाही, आणि तोवर तोही चढलेला असेल. उडी मारायचीच असेल तर मंजुरीपत्रात तो पर्याय आहे का, किती वेळा वापरता येतो आणि त्याचं शुल्क किती, हे तीन आकडे आधी लिहून घ्या. ते मिळत नसतील तर तो पर्याय नाहीच असं समजून हिशेब करा.